भात उकळून कापूस का होत नाही?

रांगोळी_ठिपके

टी.वाय. बीएस्सीला आहे, विषय रसायनशास्त्र. गेल्या बुधवारी प्रात्यक्षिकाला म्युटारोटेशन होतं. डब्यातली डेक्स्ट्रोजची पावडर बरोबर १० ग्रॅम तोलली, पाण्यात विरघळवून १०० मिली केली, २ डेसिमीटरच्या नळीत भरली आणि द्रावण प्रकाशाची पातळी किती अंश वळवतं ते मोजणाऱ्या पोलारिमीटरला लावली. विरघळवल्यापासून ६ मिनिटांनी १८.९ अंश आले. १५ मिनिटांनी १७.०, ३० ला १४.७, तासाभराने १२.०, दोन तासांनी १०.१. नळी झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ९.६ होते आणि मग काटा हललाच नाही. खोलीचं तापमान २५ अंशांच्या आसपास होतं.

दोन प्रश्न आहेत. पहिला हिशोबाचा. ९.६ वरून विशिष्ट वलन काढलं तर ४८ येतं, पुस्तकात ५२.७ आहे. सर म्हणाले नळी नीट धुतली नसणार. धुऊन परत केलं, परत ४८.

दुसरा प्रश्न चार दिवस डोक्यातून जात नाहीये. ग्लुकोज पाण्यात टाकलं की अल्फाचं बीटा आपोआप होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. स्टार्च म्हणजे अल्फा ग्लुकोजची माळ आणि सेल्युलोज म्हणजे बीटा ग्लुकोजची माळ, असं शिकवलंय. मग भात तासभर पाण्यात उकळला तर अल्फाचं बीटा होऊन त्याचा कापूस का होत नाही? वर्गात विचारलं तर सगळे हसले. मला खरंच उत्तर हवंय.

हरभरा

सोपं आहे. सेल्युलोजमधला बीटा बंध मजबूत असतो आणि स्टार्चमधला अल्फा बंध कच्चा. म्हणून भात पचतो, कापूस पचत नाही. आणि एकदा बंध झाला की अल्फा-बीटाची अदलाबदल थांबते. त्यामुळे भाताचा कापूस होत नाही.

पोल_ब्रिक्स

हरभरा, तुमचं शेवटचं म्हणणं बरोबर आहे, पहिलं नाही. त्याकडे वळू, पण आधी या मुलीचे ४८ सोडवू या. माझी तीस वर्षं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत पोलारिमीटरसमोर गेली, त्यामुळे वाचन चुकलं म्हटलं की मला राहवत नाही.

बेटा, डब्याच्या लेबलवर बारीक अक्षरात 'मोनोहायड्रेट' लिहिलंय का बघ. बाजारातलं डेक्स्ट्रोज बहुतेक वेळा तेच असतं. ५० अंशांच्या खाली पाण्यातून स्फटिक धरले की ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूशेजारी पाण्याचा एक रेणू बसतो. अशा १९८ ग्रॅम पावडरीत ग्लुकोज १८० ग्रॅमच. तू १० ग्रॅम तोललेस, पण त्यात ग्लुकोज ९.०९ ग्रॅम होतं. आता ९.६ ला २ ने आणि ०.०९०९ ने भाग. ५२.८ येतील. तुझी नळी स्वच्छच होती.

हे तुझ्या वहीतूनही कळतं. प्रत्येक वाचनातून शेवटचे ९.६ वजा कर. ३० मिनिटांना ५.१ उरतात, ६० ला २.४. म्हणजे उरलेला फरक साधारण २८ मिनिटांत निम्मा होतोय. त्याच चालीने ६ मिनिटांचे ९.३ मागे ने, शून्याला १०.८ येतात. त्यात ९.६ मिळवले की सुरुवात झाली २०.४. कोरडं अल्फा ग्लुकोज १० ग्रॅम असतं तर सुरुवात २२.४ ला झाली असती. सुरुवातही अकराव्या हिश्शाने कमी आणि शेवटही अकराव्या हिश्शाने कमी. नळीत बुडबुडा किंवा घाण असेल तर वाचनं अशी शिस्तीत चुकत नाहीत. सगळी एकाच प्रमाणात कमी आली की तराजूकडे आणि लेबलकडे बघायचं.

आता भाताचा प्रश्न. हसण्यासारखं त्यात काही नाही, प्रश्न अगदी मर्मावरचा आहे.

ग्लुकोजची साखळी सरळ काढली तर एका टोकाला अल्डिहाइडचा कार्बन असतो, तो पहिला. पाचव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल वळून त्या पहिल्या कार्बनला येऊन चिकटतो आणि सहा कोपऱ्यांचं कडं तयार होतं. चिकटताना तो कार्बनच्या या बाजूने येऊ शकतो किंवा त्या बाजूने. त्यावरून पहिल्या कार्बनवर नवा झालेला हायड्रॉक्सिल कड्याच्या पातळीबाहेर उभा राहतो किंवा कड्याच्या कडेने आडवा बाहेर पडतो. उभा तो अल्फा, आडवा तो बीटा. बाकी चारही कार्बन जिथल्या तिथे. अल्फाचं बीटा व्हायचं तर कडं उघडलं पाहिजे आणि पुन्हा मिटलं पाहिजे. कोणत्याही क्षणी उघडे रेणू लाखात मोजकेच असतात, पण उघडमीट सारखी चालू असल्यामुळे हळूहळू सगळ्यांची पाळी येते. तुझ्या नळीत काटा सरकत होता तो याच्यामुळे.

कुठे थांबायचं तेही ठरलेलं आहे. शुद्ध अल्फाचं वलन ११२.२, शुद्ध बीटाचं १८.७ आणि मिश्रण ५२.७ ला स्थिरावतं. १८.७ पासून ५२.७ पर्यंत ३४ चं अंतर, पूर्ण पल्ला ९३.५ चा. भागाकार ०.३६. म्हणजे १०० पैकी ३६ अल्फा आणि ६४ बीटा.

हे कडं उघडण्यासाठी पहिल्या कार्बनवर मोकळा हायड्रॉक्सिल लागतो. त्याचा हायड्रोजन निघतो, दुसरीकडे कड्यातल्या ऑक्सिजनला हायड्रोजन मिळतो आणि गाठ सुटते. माळ ओवताना नेमका हाच हायड्रॉक्सिल खर्ची पडतो. पुढच्या ग्लुकोजचा चौथा कार्बन तिथे येऊन बसला की कडं उघडायची किल्लीच गेली. ओवताना जो अल्फा होता तो अल्फाच राहिला, बीटा होता तो बीटाच. साध्या पाण्यात कितीही उकळ, ती गाठ सुटत नाही. आम्ल किंवा एन्झाइमच लागतं. मोकळा पहिला कार्बन फक्त माळेच्या एका टोकाच्या मण्याला उरतो. तो बिचारा अल्फा-बीटा करत राहतो, पण हजारो मण्यांत एकटा, कोणाच्या लक्षातही येत नाही.

पडताळा हवा असेल तर पुढच्या प्रात्यक्षिकाला घरची साखर घे. १० ग्रॅम, १०० मिली, तीच नळी. तिच्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आपापल्या किल्लीच्याच जागी एकमेकांना जोडलेले असतात, मोकळी किल्ली कोणाकडेच नाही. कारखान्यात आम्ही रसाची पोल, म्हणजे पोलारिमीटरवरून साखरेचं प्रमाण, काढताना थांबून राहत नाही ते यासाठीच. साखरेचं वाचन सरकत नाही.

तपासणीटेबल

हे वाचून माझी एक जुनी जखम आठवली. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी ग्लुकोजचं स्टँडर्ड संपलं होतं, म्हणून पावडर तोलून १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरचं ताजं बनवलं आणि पाच मिनिटांत ग्लुकोज मोजायच्या जीओडी-पीओडीच्या अभिकर्मकात टाकलं. रंग फिका. मग सगळ्या रुग्णांची साखर त्या फिक्या स्टँडर्डच्या हिशोबाने खूप जास्त दिसायला लागली. रिपोर्ट बाहेर गेले नाहीत हे नशीब. वरिष्ठ ताईंनी एकच प्रश्न विचारला, 'स्टँडर्ड कधी केलंस?' दुसऱ्या दिवशी त्याच बाटलीने बरोबर वाचन दिलं.

तेव्हा फक्त 'रात्रभर ठेवायचं' एवढंच पाठ केलं. कारण नंतर समजलं. ग्लुकोज ऑक्सिडेज बीटालाच हात लावतं. पावडर सगळी अल्फा. म्हणजे माझ्या ताज्या बाटलीत ग्लुकोज पूर्ण होतं, पण एन्झाइमला त्यातलं थोडंच दिसत होतं. आता बेंझोइक आम्लाच्या पाण्यात बनवतो, म्हणजे त्यात जंतू वाढत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशीच वापरतो. काही किटमध्ये म्युटारोटेज नावाचं एन्झाइम घातलेलं असतं, ते ही अदलाबदल झटपट उरकतं. रुग्णाच्या रक्तातलं ग्लुकोज आधीच स्थिरावलेलं असतं, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही.

शोभामावशी

मला बारा वर्षं मधुमेह आहे म्हणून विचारते. मशीन जर फक्त बीटा मोजतं, तर अल्फा ग्लुकोज माझ्या रक्तात लपून राहतं का? आणि बीटा ग्लुकोजची पावडर वेगळी मिळत असेल तर ती खाल्ल्याने साखर कमी वाढेल का? मैत्रिणीने असंही सांगितलं की शिळा भात खाल्ला तर साखर वाढत नाही.

तपासणीटेबल

मावशी, लपत नाही. रक्तात अल्फा आणि बीटाचं प्रमाण ठरलेलं असतं आणि मशीन ज्या स्टँडर्डवर जुळवलंय त्यातही तेच प्रमाण असतं, त्यामुळे आकडा पूर्ण ग्लुकोजचाच येतो. बीटा पावडरीचाही उपयोग नाही. शरीराला दोन्ही चालतात, आणि बीटा खाल्लं तरी त्याचं पुन्हा मिश्रणच होतं. साखर तेवढीच वाढणार. शिळ्या भाताचं माझ्यापेक्षा जाणकारांनी सांगावं.

सरकी

शिळ्या भाताचं मी सांगते, कारण ते हरभरा यांच्या 'मजबूत बंध' या मुद्द्यालाच जाऊन भिडतं. माझं काम सेल्युलोजच्या तंतूंवर आहे.

आधी बंधाचं बघू. दोन-दोन ग्लुकोजचे छोटे तुकडे घ्या. अल्फा जोडणीचा माल्टोज, बीटा जोडणीचा सेलोबायोज. दोन्ही पाण्यात विरघळतात. आम्लात उकळले तर दोन्ही तुटतात. सेलोबायोज काहीसं सावकाश, पण हजारपट सावकाश मुळीच नाही. आणि बीटा बंध माणसाला तोडता येत नाही हेही खरं नाही. दुधातल्या साखरेत गॅलॅक्टोज आणि ग्लुकोज बीटा बंधानेच जोडलेले असतात. लॅक्टेज एन्झाइम असलेला प्रत्येक माणूस तो बंध रोज तोडतो. तेव्हा एका सुट्या बंधाच्या ताकदीत उत्तर नाही. उत्तर माळ कोणता आकार घेते यात आहे.

बीटामध्ये पहिल्या कार्बनची जोडणी आडवी बाहेर येते आणि पुढच्या मण्याचा चौथा कार्बनही आडवाच हात देतो. दोन आडवे हात समोरासमोर जोडायचे तर पुढचा मणी पालथा करावा लागतो. त्याच्या पुढचा पुन्हा सुलटा. विणकामात एक उलट एक सुलट घालत गेलं की पट्टी कशी सपाट येते, तशी ही माळ सपाट आणि सरळ निघते. सगळे हायड्रॉक्सिल पट्टीच्या दोन्ही कडांना. शेजारी तशीच दुसरी पट्टी आली की कडेला कडा हायड्रोजन बंधांनी शिवल्या जातात, मग त्या चादरी एकावर एक रचल्या जातात. कापसाच्या तंतूत एका माळेत दहा हजारांच्या घरात मणी असतात. पाण्याला आत शिरायला फटच नाही.

अल्फात पहिल्या कार्बनचा हात उभा आणि पुढच्याच्या चौथ्या कार्बनचा आडवा. प्रत्येक जोडणीत माळ थोडी वाकते, आणि दर वेळी त्याच बाजूला. आगगाडीचा प्रत्येक डबा आधीच्या डब्याला जरासा तिरका जोडला तर सगळी गाडी गोल फिरत जाईल, तसं. अमायलोजची माळ अशी फिरून मळसूत्र होते, आयोडिन धरलेल्या मळसूत्राच्या एका वेढ्यात साधारण सहा मणी. शाळेत बटाट्यावर आयोडिन टाकून निळा रंग सगळ्यांनी पाहिलाय. आयोडिन त्या पोकळीत रांगेने बसतं, म्हणून तो निळा. गरम केलं की निळा जातो, थंड झालं की परत येतो, करून बघा. कापसावर तोच थेंब टाका, निळा होणार नाही. पट्टीला पोकळीच नाही तर आयोडिन बसणार कुठे?

हरभरा

माल्टोज-सेलोबायोजचं पटलं. पण म्हणजे शेवटी बीटा असला की पट्टी, पट्टी असली की पचत नाही. मग बीटा हेच कारण झालं ना? मी एवढा चुकलेलो नाही.

सरकी

अर्ध्या वाटेवर आहात. बीटामुळे सरळ होण्याची सोय होते, पण घट्ट रचायला माळ एकसारखी असावी लागते. ओट्स शिजवल्यावर जो बुळबुळीतपणा येतो तो बीटा ग्लुकानचा. त्यातही ग्लुकोजच, त्यातही बीटा बंधच. फरक एवढाच की दर तीन-चार मण्यांनंतर जोडणी चौथ्या कार्बनऐवजी तिसऱ्याला होते. तिथे पट्टीला मुरड पडते, शेजारच्या पट्टीशी कडा जुळत नाहीत आणि ते बरंचसं पाण्यात सुटतं. दुसरं उदाहरण औषधाच्या दुकानातलं. कोरड्या डोळ्यांत घालायच्या काही थेंबांत कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज असतं. त्यातले बीटा बंध जसेच्या तसे आहेत. हायड्रॉक्सिलना फक्त छोटे गट लटकवलेत. तेवढ्याने शिवण बसेनाशी होते आणि सेल्युलोज पाण्यासारख्या थेंबात राहतं.

आता मावशींचा शिळा भात. शिजताना स्टार्चचे दाणे फुगतात, माळा सुट्या होतात आणि अमायलेज त्यांना भराभर कापतं. भात थंड होऊन तासन्‌तास पडून राहिला की काही माळा पुन्हा एकमेकींभोवती पीळ घालून घट्ट बसतात. तेवढ्या भागापर्यंत अमायलेज नीट पोचत नाही. इथे बंध अल्फाच आहेत, तरीही पचायला अवघड. म्हणजे रचना घट्ट असली की अल्फाही अडतो आणि सैल असली की बीटाही विरघळतो. पण मावशी, शिळ्या भातातही असा भाग थोडाच असतो, बाकीचा भात साखर वाढवतोच. त्याच्या भरवशावर औषध किंवा भाताचं माप बदलू नका. आणि भात ठेवायचा तर फ्रिजमध्येच, बाहेर ठेवलेल्या शिजलेल्या भातात जंतू वाढतात.

तरी हरभरा, एक गोष्ट तुमच्या बाजूची. एन्झाइम फार चोखंदळ असतात. आपल्या अमायलेजच्या खोबणीत वाकलेली माळच बसते. सेल्युलोजची एखादी माळ सुटी करून दिली तरी ते ती कापणार नाही. तिथे अल्फा-बीटाचा फरक सरळच नडतो.

मालदांडीवाला

मंगळवेढ्याकडचा शेतकरी आहे. एवढं रसायन मला कळत नाही, पण हे माझ्या रानातलंच चाललंय असं वाटलं. ज्वारीचं कणीस आम्ही खातो, कडबा जनावर खातं. एकच ताट, वर दाणा आणि खाली धाट. मग गाईच्या अंगात सेल्युलोज कापायचं एन्झाइम असतं आणि माणसाच्या नसतं, असंच ना?

दुसरं, गेल्या उन्हाळ्यात एक गाय लग्नाच्या मांडवामागे सुटली आणि उरलेला भात पोटभर खाऊन आली. संध्याकाळी रवंथ बंद, पोट डब्ब, दुसऱ्या दिवशी उठेना. डॉक्टर म्हणाले पोटात आम्ल झालं. कडबा पचवणारी गाय भात का पचवू शकली नाही? भात तर मऊ.

पोल_ब्रिक्स

दादा, तुमचा दुसरा प्रश्न या चर्चेतला सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

गाईचं स्वतःचं शरीर सेल्युलोज कापायचं एन्झाइम करत नाही. ते काम तिच्या कोटीपोटातल्या जंतूंचं. कडब्याच्या तुकड्याला ते चिकटतात, पट्ट्या कडेकडेने सोडवतात आणि कापतात. सुटलेलं ग्लुकोजही ते तसंच ठेवत नाहीत, आंबवून त्याची व्हिनेगरसारखी छोटी आम्लं करतात आणि ती गाईच्या रक्तात जातात. कडबा घट्ट रचलेला म्हणून हे सगळं सावकाश चालतं. आम्ल जितकं तयार होतं तितकं शोषलं जातं, आणि रवंथ करताना गाळलेली लाळ उरलेलं मारते. हिशोब जुळतो.

शिजलेला भात म्हणजे तेच ग्लुकोज, पण सगळ्या माळा मोकळ्या. तो पाटीभर एकदम आत गेला की जंतू तासाभरात त्यावर तुटून पडतात. आम्ल इतक्या वेगाने होतं की शोषायला सवड मिळत नाही, त्यात लॅक्टिक आम्ल वाढतं, पीएच साडेपाचच्या खाली उतरतो. कडबा कापणारे जंतू त्या आंबटपणात काम करत नाहीत. रवंथ थांबलं की लाळ थांबते आणि आम्ल आणखी साचतं. म्हणजे भात पचला नाही असं नाही, तो झेपणार नाही इतक्या वेगाने आंबला. डॉक्टरांनी बहुतेक खाण्याचा सोडा पाजला असेल.

मालदांडीवाला

सोडाच पाजला, सलाईनही लावलं. तिसऱ्या दिवशी कडब्याला तोंड लावलं तेव्हा जिवात जीव आला. आता मांडव असला की गाय दावणीलाच.

पण एक राहिलं. एकाच ताटात वरती अल्फा आणि खाली बीटा, हे ज्वारीला कसं जमतं? ती दोन तऱ्हेचं ग्लुकोज बनवते का?

सरकी

नाही, ग्लुकोज एकच. माळेत ओवण्याआधी वनस्पती ग्लुकोजच्या पहिल्या कार्बनला एक मोठा गट बांधून ठेवते. दाण्यात स्टार्च करताना एडीपी-ग्लुकोज वापरते, धाटात सेल्युलोज करताना यूडीपी-ग्लुकोज. दोन्हींत ग्लुकोज अल्फा अवस्थेतच बांधलेलं असतं. फरक ओवणाऱ्या एन्झाइममध्ये. स्टार्च ओवणारं एन्झाइम आधीची बाजू कायम ठेवतं, म्हणून अल्फा राहतो. सेल्युलोज ओवणारं एन्झाइम पाठीमागून हल्ला करून बाजू पालटतं, म्हणून बीटा होतो. ते पेशीच्या पटलातच बसलेलं असतं आणि माळ बाहेर ढकलत जातं. शेजारी शेजारी बसलेली अशी एन्झाइम्स एकाच वेळी माळा ओढतात, त्यामुळे त्या निघतानाच एकमेकींना चिकटून तंतू होतात.

रांगोळी, तुझ्या प्रश्नाचं दुसरं टोक हे आहे. नळीतल्या ग्लुकोजला अल्फा-बीटा ठरवायला अर्धा तास लागतो आणि तेही कायमचं ठरत नाही. एन्झाइम ते एका क्षणात ठरवतं आणि किल्ली काढून घेतं.

रांगोळी_ठिपके

आज प्रात्यक्षिक झालं. लेबलवर मोनोहायड्रेटच होतं. सरांना दाखवलं, त्यांनी लगेच मान्य केलं आणि सगळ्या बॅचला ११ ग्रॅम तोलायला सांगितलं. आज शेवटी १०.५ आले, हिशोबाने ५२.५. साखरेचं वाचन पहिल्या मिनिटाला १३.३ आणि चार तासांनीही १३.३.

भातही उकळला, दीड तास. खळ झाली, कापूस नाही. त्यात आयोडिन टाकलं, निळं झालं. गरम केल्यावर रंग गेला आणि थंड झाल्यावर आला, तेव्हा बुधवारी हसणारे सगळे वाकून बघत होते.

आता एक नवीनच अडलंय. बीटामध्ये सगळे गट आडवे, म्हणजे सगळ्यात ऐसपैस. उभ्या हायड्रॉक्सिलला शेजारचे हायड्रोजन खेटतात. साध्या सायक्लोहेक्झेनच्या कड्यावर एकच हायड्रॉक्सिल असला तर पाण्यात उभे १५-२० टक्क्यांच्या आसपासच असतात, असं वाचलं. मग ग्लुकोजमध्ये अल्फा ३६ टक्के कसा?

हरभरा

हे मला माहीत आहे. कड्यातल्या ऑक्सिजनची इलेक्ट्रॉनची जोडी शेजारच्या उभ्या बंधाच्या रिकाम्या कक्षेत थोडी सांडते. उभा असला तरच कोन जुळतो. त्यामुळे अल्फाला थोडा आधार मिळतो.

सरकी

ते एक स्पष्टीकरण. दुसरं असं की बीटामध्ये कड्यातला ऑक्सिजन आणि बाहेरचा ऑक्सिजन यांचे द्विध्रुव जवळपास एकाच दिशेला येतात आणि एकमेकांना ढकलतात, अल्फामध्ये ते विरुद्ध वळतात. मला हे जास्त पटतं, कारण द्रावक बदलला की प्रमाण बदलतं. मिथेनॉलमध्ये आम्ल घालून मिथाइल ग्लुकोसाइड बनवलं तर अल्फाच दुप्पट जास्त मिळतो. पाणी द्विध्रुवांना झाकतं, म्हणून पाण्यात परिणाम मवाळ.

हरभरा

मिथेनॉलमध्ये हायड्रॉक्सिलच्या जागी मिथॉक्सी गटही येतो. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक द्रावकामुळेच झाला असं कसं म्हणणार?

सरकी

हे बरोबर पकडलंत. ते उदाहरण एकट्याने पुरेसं नाही. दोन्ही परिणाम खरे आहेत, कुणाचा वाटा किती यावर अभ्यासकांत अजूनही एकमत नाही.

पोल_ब्रिक्स

रांगोळी, पुढच्या वेळी वेळ वाचवायचा असेल तर १०० मिली करण्याआधी द्रावणात पातळ अमोनियाचे दोन-तीन थेंब टाक आणि अर्धा तास ठेव. आम्लारीमुळे उघडमीट वेगाने होते. औषधी डेक्स्ट्रोज तपासताना असंच करतात. पण जास्त अमोनिया घालून खूप वेळ ठेवू नकोस, ग्लुकोजचं फ्रुक्टोज व्हायला लागेल आणि काटा ५२.७ च्या खाली घसरत जाईल.

रांगोळी_ठिपके

काका, बुधवारी दोन नळ्या शेजारी ठेवते, एक अमोनियाची आणि एक साधी. वाचनं इथेच टाकते.